बारा लिटर पाणी काढलं, तरी खोली दमटच! पावसाळ्यात डीह्युमिडिफायर नीट कसा चालवावा

आमच्या फोंड्याच्या घरात माजघराला लागून एक बारा बाय दहाची खोली आहे. तीत वडिलांची पुस्तकं, एक जुनी पेटी आणि धाकट्या भावाचा तबला असतो. दर पावसाळ्यात तिथे तेच घडतं. जूनच्या शेवटी पुस्तकांच्या बांधणीवर राखाडी ठिपके उठतात, पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत आणि श्रावणातल्या भजनाला बसायच्या आत तबला एवढा उतरतो की हातोडी घेऊन अर्धा तास ठोकत बसावं लागतं. म्हणून एका जुलैत आम्ही डीह्युमिडिफायर आणला.

पहिल्या चोवीस तासांत त्याने साडेबारा लिटर पाणी काढलं. मी बादली अंगणातल्या लोकांना दाखवत हिंडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा लिटर, तिसऱ्या दिवशीही तेवढंच. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, एवढं पाणी काढताय, मग त्या खोलीत ठेवलेले पापड सादळले कसे?" मापक पाहिला तर आर्द्रता 68 टक्क्यांवर अडकलेली. यंत्र ठणठणीत होतं, चूक आमची होती. ती शोधायला जे गणित मांडावं लागलं तेच इथे सांगतो, कारण ते कळलं की यंत्र कोणतं घ्यावं, कुठे ठेवावं आणि केव्हा बंद करावं हे सगळं आपोआप सुटत जातं.

85 टक्के म्हणजे नक्की कशाचे?

सापेक्ष आर्द्रतेतला 'सापेक्ष' हा शब्द आपण वाचतो आणि विसरतो. 85 टक्के आर्द्रता म्हणजे हवेत 85 टक्के पाणी नव्हे. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या 85 टक्के वाफ आत्ता आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही 'जास्तीत जास्त' मर्यादा तापमानाबरोबर भराभर वाढते. एक घनमीटर जागेत 20 अंश सेल्सियसला सुमारे 17 ग्रॅम वाफ मावते, 24 ला 22, 26 ला 24, 28 ला 27, 30 ला 30 आणि 32 ला 34 ग्रॅम. 'तिसाला तीस' एवढं लक्षात ठेवलं तरी बाकीचा अंदाज येतो.

आता जानेवारीतली एक पहाट घ्या. तापमान 20 अंश, आर्द्रता 85 टक्के. म्हणजे घनमीटरला 17 च्या 85 टक्के, सुमारे 15 ग्रॅम वाफ. आपण शाल पांघरून चहा पितो, चिकटपणाचं नावही नसतं. जुलैत बंद खोलीत तापमान 28 आणि आर्द्रता पुन्हा 85. इथे 27 च्या 85 टक्के, म्हणजे 23 ग्रॅम. आकडा तोच, पण पाणी दीडपट. आर्द्रतेचा आकडा तापमानाशिवाय सांगणं म्हणजे भांडं केवढं ते न सांगता "पाऊण भरलंय" म्हणण्यासारखं आहे. दमटपणाबद्दल बोलताना मी घरी हल्ली टक्क्यांऐवजी ग्रॅममध्येच बोलतो. लोक हसतात, पण गणित जुळतं.

हीच हवा थंड करत गेलो तर एक तापमान असं येतं, की असलेली वाफच तिथली कमाल मर्यादा ठरते. त्याला दवबिंदू म्हणतात. 28 अंश आणि 85 टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू सुमारे 25 अंश येतो. तेवढ्या किंवा त्याहून थंड असलेल्या कशालाही ही हवा लागली की तिथे पाणी सुटणार. फ्रिजमधून काढलेली बाटली, एसीच्या खोलीची मागची भिंत, जूनच्या सुरुवातीला अजून गार असलेली जमिनीलगतची फरशी. "फरशीला घाम आला" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते पाणी जमिनीतून वर आलेलं नसतं, हवेतून खाली उतरलेलं असतं. बहुतेक वेळा म्हटलं, कारण उलटही घडतं. त्याची परीक्षा पुढे येईल.

अंग का चिकटतं

घाम येणं हा त्रास नाही, तो वाळत नाही हा त्रास आहे. घाम आलेल्या त्वचेचं तापमान साधारण 34 अंश असतं आणि त्या ओल्या थराला चिकटून असलेली हवा वाफेने गच्च भरलेली असते, म्हणजे घनमीटरला सुमारे 38 ग्रॅम. खोलीत 23 ग्रॅम असतील तर फरक 15 चा. खोली 17 ग्रॅमवर आणली तर फरक 21 चा. वाळण्याचा वेग या फरकावर चालतो, त्यामुळे तेवढ्यानेच घाम पूर्वीपेक्षा साधारण 40 टक्के जास्त वेगाने उडू लागतो. अंगाला ते लगेच कळतं, तापमान अर्ध्या अंशानेही उतरलेलं नसलं तरी.

यात मिठाचाही एक हात आहे. घामात मीठ असतं आणि आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. दुपारचा घाम वाळल्यासारखा वाटला तरी त्वचेवरचं मीठ संध्याकाळी पुन्हा ओलं होतं आणि अंग पुसूनही चिकचिक जात नाही. अंगावरून पाणी घेतलं की बरं वाटतं त्याला गारव्याइतकंच मीठ धुऊन जाणंही कारण आहे.

पंखा आर्द्रता एका ग्रॅमनेही कमी करत नाही. अंगाला चिकटलेली ती गच्च हवा तो सरकवतो आणि तिथे खोलीतली हवा आणतो, इतकंच. पण माणसासाठी तेवढंही पुष्कळ असतं. पुस्तकांना मात्र त्याचा उपयोग फारसा नाही.

आधी मापक, आणि मापकाची परीक्षा

यंत्राच्या दर्शनी पट्टीवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. तो यंत्राच्या पोटातल्या हवेचा आकडा असतो. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे दोन छोटे डिजिटल मापक घ्या. एक खोलीत, यंत्रापासून दूर, कपाटाच्या उंचीवर, आणि दुसरा बाहेर, पाऊस न लागणाऱ्या व्हरांड्यात. स्वस्त मापक पाच टक्क्यांनी सहज चुकतात, आणि आपला सगळा खेळ 60 की 70 एवढ्याच फरकाचा असतो, म्हणून ते तपासून घ्यावे लागतात.

तपासणी मिठानेच होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये, मिठाचे दाणे दिसत राहिले पाहिजेत. हे झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवून पिशवी घट्ट बंद करा आणि आठ ते दहा तास हलवू नका. आत आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते आणि तापमान 20 ते 30 च्या दरम्यान कुठेही असलं तरी हा आकडा जवळजवळ बदलत नाही. मापक 79 दाखवत असेल तर तो चार टक्के जास्त सांगतो. त्याच्या पाठीवर तसं लिहून ठेवा. मीठ पाकिटातलं बारीक घ्या. मिठागरातलं जाडं मीठ जेवणाला कितीही चांगलं असलं तरी त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते फार कमी आर्द्रतेतही पाणी ओढतात आणि आकडा बिघडवतात. मी पहिल्यांदा तेच वापरलं आणि चांगल्या मापकाला दोष देत बसलो.

यंत्राच्या पोटात काय चालतं

डीह्युमिडिफायर उघडून पाहिला तर तो एका पेटीत कोंबलेला एसीच आहे. एसीचा थंड भाग घरात आणि गरम भाग बाहेर असतो, इथे दोन्ही एकामागोमाग एक उभे केलेले असतात. मागच्या जाळीतून पंखा खोलीतली हवा ओढतो. ती प्रथम थंड नळ्यांवरून जाते. या नळ्या दवबिंदूपेक्षा बऱ्याच खाली, साधारण दहा अंशांच्या आसपास असतात, म्हणून हवेतली वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते, पत्र्यांवरून ओघळते आणि खालच्या ताटलीतून टाकीत जाते. मग तीच हवा लगेच मागच्या गरम नळ्यांवरून जाते आणि तापून बाहेर पडते. खोलीतली हवा एका फेरीत पूर्ण कोरडी होत नाही. प्रत्येक घनमीटरमागे चार-पाच ग्रॅम निघतात, पण यंत्र ती दिवसभर फिरवत राहतं.

'यंत्र चालू केलं आणि खोली तापली, म्हणजे बिघडलंय' अशी तक्रार होते ती इथून. बिघडलेलं नसतं. खोलीत दोन प्रकारची उष्णता येते. एक, यंत्र खातं त्या विजेची. दुसरी, वाफेचं पाणी होताना सुटणारी. एक लिटर पाणी आटवायला जेवढी उष्णता लागते तेवढीच ते परत पाणी होताना बाहेर टाकतं, साधारण 0.68 युनिट. आमचं यंत्र 350 वॉट घेतं आणि तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी काढतं, तर दोन्ही मिळून जवळजवळ 700 वॉटची शेगडी खोलीत पेटवल्यासारखं होतं. आमच्या खोलीचं तापमान त्यामुळे 28 वरून 30 वर जातं.

पुस्तकांना, कपड्यांना, वाद्यांना हे चालतं, उलट बरंच असतं. माणसाला झोपायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दिवसभर दार लावून यंत्र चालवा, झोपायच्या आधी तासभर बंद करा आणि पंखा लावा. एसी असेल तर रात्री त्याचा ड्राय मोड वापरा. एसी असताना डीह्युमिडिफायर कशाला, असं विचारलं जातं. आपल्याकडे जुलैत बाहेरच तापमान 26-27 असतं. एसी 25 वर लावला की तो पाच मिनिटांत तिथे पोचतो आणि कॉम्प्रेसर थांबवतो. पंखा मात्र फिरत राहतो आणि नळ्यांवरचं पाणी परत खोलीत उडवतो. खोली गार होते आणि दमटही राहते. अंथरूण थंड पण ओलसर लागतं ते यामुळे. मे महिन्यात एसी जेवढं पाणी काढतो तेवढं जुलैत काढत नाही, कारण त्याला थंड करायला काम उरलेलं नसतं.

साडेबारा लिटरचा हिशोब

आता आमच्या चुकीकडे येतो. खोली बारा बाय दहा फूट, उंची दहा फूट, म्हणजे 1200 घनफूट, सुमारे 34 घनमीटर. सुरुवातीला प्रत्येक घनमीटरमध्ये 23 ग्रॅम वाफ. सगळी मिळून 34 गुणिले 23, म्हणजे 782 ग्रॅम. संपूर्ण खोलीच्या हवेत एक लिटरही पाणी नाही! ती 55 टक्क्यांवर आणायला त्यातलं पाव लिटरच्या आसपास काढलं की पुरे.

मग साडेबारा लिटर आलं कुठून? थोडं गादी, पुस्तकं, लाकूड आणि भिंतींमधून. पण तो साठा चार दिवसांत कमी व्हायला हवा होता, आणि पाणी रोज तेवढंच येत होतं. याचा अर्थ एकच, ते बाहेरून येत होतं. बाहेर 26-27 अंश आणि 92 टक्के, म्हणजे घनमीटरला 23 ग्रॅम. आत 30 अंश आणि 68 टक्के, म्हणजे 20.6 ग्रॅम. बाहेरची एक घनमीटर हवा आत आली की सोबत 2.4 ग्रॅम जास्तीचं पाणी घेऊन येते. यंत्र दिवसाला 12.5 लिटर, म्हणजे तासाला 520 ग्रॅम काढत होतं. 520 भागिले 2.4 केलं तर तासाला 217 घनमीटर हवा आत येत होती. 34 घनमीटरच्या खोलीत म्हणजे तासाला सहा वेळा संपूर्ण हवा बदलत होती. आम्ही खोली कोरडी करतच नव्हतो, फोंडा तालुका कोरडा करत होतो.

टाकी भरभरून येते याचा आनंद मानू नये तो याच कारणाने. पहिले दोन-तीन दिवस भरली तर ठीक. आठवड्यानंतरही तशीच भरत असेल आणि मापक खाली येत नसेल तर यंत्राकडे न पाहता दाराकडे पाहा.

भोकं शोधणं आणि बुजवणं

आम्ही उदबत्ती लावून खोलीभर हिंडलो. धूर जिथे सरळ वर न जाता वाकडा होतो तिथे वारा आहे. सर्वात मोठं भोक दाराखाली होतं, जवळजवळ बोटभर फट. मग खिडकीच्या वरचे दोन जाळीचे झरोके, वायरी आत येतात तिथलं पाइप, आणि खिडकीच्या फळ्यांमधल्या उभ्या फटी. दाराखाली ब्रशची पट्टी बसवली, चौकटींना फोमची चिकटपट्टी लावली, झरोक्यांना आतून जाड प्लास्टिकचा पत्रा स्क्रूने बसवला. स्क्रूने अशासाठी, की ऑक्टोबरात तो काढायचा असतो. पाइपच्या तोंडात कापूस न कोंबता सिलिकॉन लावलं, कारण कापूस ओला होतो आणि मुंग्यांचं घर बनतो.

वर नुसती कौलं असतील, खाली फळ्यांचं किंवा दुसरं कोणतं सलग छत नसेल, तर यंत्र विकत घेऊच नका. कौलांच्या फटीतून येणाऱ्या हवेपुढे कोणतंही घरगुती यंत्र टिकणार नाही. अशा घरात संपूर्ण खोलीऐवजी एक चांगलं बंद होणारं लोखंडी किंवा प्लायवूडचं कपाट कोरडं ठेवणं शहाणपणाचं. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे पुरतात. मात्र त्यात साठणारं खारट पाणी चामड्यावर किंवा धातूवर सांडू देऊ नका, ते दोन्ही खातं.

एक गोष्ट ठासून सांगतो. ज्या खोलीत गॅसची शेगडी किंवा गॅसचा गिझर आहे ती कधीही अशी बंद करायची नाही. तिथे हवा खेळतीच हवी, जिवाचा प्रश्न आहे. शिवाय एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळे स्वयंपाकघरात डीह्युमिडिफायर लावणं तसंही उलटं काम आहे. तिथे एक्झॉस्ट पंखा हवा.

हे सगळं बुजवल्यावर पाचव्या दिवशी यंत्र पुन्हा चालू केलं. पहिल्या दिवशी टाकीत नऊ लिटर, दुसऱ्या दिवशी सात, आठवड्याच्या शेवटी चार. आणि मापक 57 वर. पाणी तिसरा हिस्सा, खोली मात्र कोरडी. आता यंत्र स्वतःहून थांबू लागलं, दिवसाला साधारण नऊ तास चालायचं. 350 वॉटने ते तीन युनिटांच्या आसपास होतं, आधी चोवीस तास चालून साडेआठ युनिटं जात होती. आपल्या वीजबिलातल्या दराने गुणलं की सबंध पावसाळ्याचा खर्च समजतो.

किती मोठं यंत्र?

डब्यावर '20 लिटर' लिहिलेलं असतं. तो आकडा सहसा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो, म्हणजे यंत्राला सर्वात सोप्या परिस्थितीत. खोली 60 टक्क्यांवर आली की हवेत पाणीच कमी उरतं आणि तेच यंत्र दिवसाला दहा-अकरा लिटरवर येतं. म्हणून लिहिलेल्या आकड्याचा अर्धा धरा आणि मग आपल्या खोलीची गरज पाहा. नीट बंद केलेल्या शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला चार ते सहा लिटर लागतात, त्यामुळे 12 लिटरचं यंत्रही कसंबसं पुरेल आणि 20 लिटरचं आरामात. खोलीत दोन माणसं झोपत असतील तर त्यांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाऊण लिटर वाढवा. कपडे वाळत घालणार असाल तर मशीनमधून पिळून आलेल्या एका फेरीचे दोन-तीन लिटर वाढवा.

तळहाताएवढी, आवाज न करणारी, अडॅप्टरवर चालणारी यंत्रं मिळतात. त्यांत कॉम्प्रेसर नसतो, एक छोटी थंड होणारी चकती असते. दिवसाला ती कपभर पाणी काढतात. कपाटासाठी ठीक, खोलीसाठी पैसे वाया.

घेताना एक प्रश्न जरूर विचारा: वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होतं का? पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. बटणांच्या कित्येक यंत्रांना पुन्हा चालू करावं लागतं. आपण दोन दिवस पेडण्याला पाहुणे म्हणून जातो आणि परत येऊन पाहतो तर ते बंदच. फिरवायच्या जुन्या पद्धतीच्या डायलचं यंत्र दिसायला साधं, पण वीज आली की आपलं आपण चालू होतं.

मांडणी आणि आकडा

यंत्र भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढून ठेवा, मागची जाळी मोकळी हवी. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. बुरशी खोलीच्या मध्यभागी कधीच सुरू होत नाही, ती कपाटामागच्या हवा न फिरणाऱ्या, थोड्या गार भिंतीवर सुरू होते. खोलीत 65 टक्के असताना तिथे 80 असू शकतात, आणि पृष्ठभागाशी 75-80 च्या वर दिवसेंदिवस राहिलं की बुरशीला आणखी काही लागत नाही.

आकडा 55 ते 60 च्या मध्ये लावा. हौसेने 40 वर लावणारे लोक मी पाहिलेत. आपल्या हवेत यंत्र तिथे पोचतच नाही, नुसतं चालत राहतं. आणि एखाद्या बंदिस्त खोलीत पोचलंच, तर तबल्याची पुडी अती ताणली जाते आणि पेटीच्या लाकडाला चिरा जातात. कमी करताना घाईही नको. आम्ही पहिला आठवडा 65 वर ठेवला, मग 58 वर आणलं.

टाकीऐवजी नळी लावता येते. तिला यंत्रापासून मोरीपर्यंत सलग उतार हवा. मध्ये कुठे नळी उंबरठ्यावरून वर चढली की पाणी तुंबतं आणि यंत्राखाली थारोळं होतं. हे पाणी झाडांना घाला, फरशी पुसा. प्यायचं नाही, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नाही. दिसायला ऊर्ध्वपातित वाटलं तरी त्यात नळ्यांवरची धूळ आणि धातूचे अंश उतरलेले असतात.

बिघाड ओळखायचा कसा

यंत्र चालतंय, आवाज येतोय, पण टाकी कोरडी. आधी आर्द्रता पाहा. खोली 55 वर आलेली असेल तर कॉम्प्रेसर थांबून नुसता पंखा फिरत असेल, काहीच बिघडलेलं नाही. आर्द्रता 80 असूनही पाणी नसेल तर बाहेर येणाऱ्या हवेला हात लावा. गरम नसेल तर कॉम्प्रेसर चालत नाही किंवा गॅस गळालाय, तंत्रज्ञ बोलवावा लागेल. हवा गरम आहे पण पाणी कमी होत चाललंय, तर बहुतेक मागची जाळी धुळीने भरली आहे. पावसाळ्यात ती दर पंधरवड्याला नळाखाली धुऊन वाळवून बसवा.

थंड नळ्यांवर पांढरा बर्फ दिसला तर आपल्या हवेत ते थंडीमुळे होणं शक्य नाही. एकतर जाळी तुंबलीय, नाहीतर पंखा मंद झालाय, नाहीतर गॅस कमी आहे. पहिल्या दोन गोष्टी घरी तपासता येतात, म्हणून त्या आधी. बंद केल्यावर लगेच पुन्हा चालू करू नका, कॉम्प्रेसरला तीन मिनिटं तरी द्या.

आणि ती भिंतीची परीक्षा. सगळं नीट असूनही एका भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा ओलाच राहतो, रंगाचे पोपडे सुटतात, पांढरी पूड येते. तिथे फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला पाणी आलं तर ते हवेतलं, यंत्र त्याला पुरेल. भिंतीकडच्या बाजूला आलं तर पाणी भिंतीतून येतंय. चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल तो वर चढवतो. तिथे यंत्र लावलं तर ते भिंतीतून जमिनीचं पाणी ओढत राहील, पोपडे वाढतील आणि बिल चढेल. आधी बाहेरची माती आणि भिंतीला लागून वाहणारं पागोळ्यांचं पाणी दूर करावं लागतं. आमच्या मागच्या भिंतीला तेच निघालं. पागोळीखाली पन्हळ बसवून पाणी चराकडे वळवलं, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात ती भिंत शांत झाली.

बंद केव्हा करायचं

दिनदर्शिका पाहून नव्हे, बाहेरचा मापक पाहून. रोज दुपारी बाहेरच्या हवेचे ग्रॅम काढा. डिसेंबरातली एखादी दुपार 32 अंश आणि 50 टक्के असेल, तर 34 चे निम्मे, 17 ग्रॅम. आत 30 अंश आणि 57 टक्क्यांनाही तेवढेच 17. बाहेरचा आकडा आतल्याएवढा किंवा कमी झाला की यंत्राचं काम खिडकीच फुकट करते. चवथीच्या दिवसांत मात्र मधूनच लख्ख ऊन पडतं आणि फसवतं. 30 अंश आणि 80 टक्क्यांना 24 ग्रॅम होतात, जुलैपेक्षाही जास्त. ऊन बघून खिडक्या उघडल्या की चार दिवसांची कमाई तासाभरात जाते.

आकडे जुळले की झरोक्यांचे पत्रे काढा, टाकी धुऊन उन्हात वाळवा, आणि यंत्र गुंडाळण्याआधी काही तास नुसता पंखा चालवून आतल्या नळ्या वाळू द्या. नाहीतर पुढच्या जूनमध्ये पहिल्यांदा चालू केल्यावर जो कुबट वास येतो तो खोलीचा नसतो, यंत्राचा असतो. ठेवताना उभंच ठेवा. आडवं ठेवून आणावं लागलं तर चालू करण्याआधी एक दिवस उभं राहू द्या, कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला तेवढा वेळ लागतो.